ऋण भाज्याची बाकी: सी भाषेतील पूर्णांक भागाकाराची प्रस्तावना

पूर्णांकांचा भागाकार शाळेत शिकवला जातो तेव्हा भाज्य, भाजक, भागाकार आणि बाकी या चार संख्यांना बांधणारे एकच सूत्र सांगितले जाते: भाज्य म्हणजे भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी. या सूत्राला एक अटही जोडलेली असते, पण ती सहसा बोलून दाखवली जात नाही. बाकी भाजकाहून लहान असावी आणि ती शून्याच्या खाली जाऊ नये, ही ती अट. १७ ला ५ ने भागले की ३ हा भागाकार आणि २ ही बाकी मिळते, आणि अट पाळली तर याखेरीज दुसरे उत्तर संभवतच नाही. भाज्य ऋण झाले की मात्र ही अट स्पष्ट शब्दांत मांडावी लागते. -७ ला ३ ने भागताना भागाकार -२ धरला तर बाकी -१ येते, कारण -६ मध्ये -१ मिळवल्यावर -७ होतात. भागाकार -३ धरला तर बाकी २ येते, कारण -९ मध्ये २ मिळवूनही -७ च होतात. दोन्ही उत्तरांत सूत्र पाळले जाते आणि दोन्हीकडे बाकीचे परिमाण, म्हणजे चिन्ह वगळून उरणारी किंमत, ३ पेक्षा लहान आहे. यांतले कोणते उत्तर घ्यायचे हे सूत्र सांगत नाही. ते कोणीतरी ठरवावे लागते, आणि प्रोग्रॅमिंगच्या भाषांनी ते निरनिराळे ठरवले आहे.

संख्यारेषेवर पाहिले तर ही निवड अधिक स्पष्ट होते. -७ भागिले ३ याची खरी किंमत -३ आणि -२ यांच्या मध्ये, -२ च्या जवळ पडते. अपूर्णांकाचा भाग नुसता छाटून टाकला तर किंमत शून्याच्या दिशेने सरकते आणि -२ हाती येते. उलट, खरी किंमत जिथे असेल तिथून नेहमी डावीकडच्या पूर्णांकावर उतरायचे असा नियम केला तर -३ मिळते. पहिल्या पद्धतीला येथे ‘शून्याकडे छाटणे’ आणि दुसरीला ‘खाली उतरणे’ असे म्हटले आहे. धन संख्यांच्या बाबतीत शून्याची दिशा आणि खालची दिशा एकच असल्यामुळे या दोन पद्धतींतला फरक दिसत नाही, आणि ज्या प्रोग्रॅममध्ये वर्षानुवर्षे धन संख्याच येत राहिल्या त्याच्या लेखकाला आपण कोणती पद्धत गृहीत धरली आहे याचा विचार करण्याची वेळ कधी येत नाही. पायथॉन भाषा खाली उतरते. सी भाषा शून्याकडे छाटते, आणि तिच्या `%` या चिन्हाला व्यवहारात मॉड्युलो म्हणत असले तरी ते चिन्ह या छाटलेल्या भागाकाराची बाकी देते. चिन्हांच्या चारही जोड्यांसाठी आज सी भाषेत मिळणारी उत्तरे अशी आहेत:

```c
 7 /  3 ==  2      7 %  3 ==  1
-7 /  3 == -2     -7 %  3 == -1
 7 / -3 == -2      7 % -3 ==  1
-7 / -3 ==  2     -7 % -3 == -1
```

या चार ओळींतून एक नियम निघतो, तो असा की बाकी शून्य नसेल तर तिचे चिन्ह भाज्याच्या चिन्हासारखे असते आणि भाजकाच्या चिन्हाचा तिच्यावर काहीच परिणाम होत नाही.

हा नियम सी भाषेत पहिल्यापासून नव्हता. कर्निहन आणि रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकात ऋण संख्यांच्या भागाकाराची दिशा ज्या त्या यंत्रावर सोडलेली होती, आणि १९८९ च्या अमेरिकी मानकाने तीच भूमिका औपचारिक भाषेत कायम ठेवली. दोहोंपैकी एक संख्या ऋण असेल तर भागाकार वर चढवायचा की खाली उतरवायचा हे कंपायलर बनवणाऱ्याने ठरवावे आणि आपल्या दस्तऐवजात नमूद करावे, एवढीच त्या मानकाची अपेक्षा होती; भाज्य, भाजक, भागाकार आणि बाकी यांचे मूळ सूत्र मात्र पाळलेच पाहिजे, असे बंधन त्यात होते. या मोकळिकीमागे कारण होते. भागाकाराची सूचना यंत्राच्या प्रोसेसरमध्येच असते, आणि तिची दिशा भाषेच्या नियमाशी जुळत नसेल तर प्रत्येक भागाकारानंतर चिन्ह तपासून उत्तर दुरुस्त करणारा कोड कंपायलरला घालावा लागतो. तो खर्च प्रत्येक प्रोग्रॅमवर लादू नये, असा विचार त्यामागे होता. ज्यांना निश्चित उत्तर हवे त्यांच्यासाठी त्याच मानकाने `div` हे फंक्शन दिले, जे भागाकार आणि बाकी एकत्र परत करते आणि नेहमी शून्याकडेच छाटते. म्हणजे एकाच भाषेत `/` या चिन्हाचे उत्तर यंत्रागणिक बदलू शकत होते आणि `div` चे बदलत नव्हते, अशी काहीशी विचित्र अवस्था दहा वर्षे टिकली.

१९९९ च्या मानकाने ही मोकळीक काढून घेतली आणि छाटणे सक्तीचे केले. मानकासोबतच्या स्पष्टीकरणात दिलेले कारण व्यावहारिक आहे: फोर्ट्रान भाषा नेहमीच शून्याकडे छाटत आली होती, आकडेमोडीचे अवजड काम करणाऱ्यांना त्याचा खर्च जाचत नव्हता, आणि सी भाषेने तोच नियम घेतला तर फोर्ट्रानमधला कोड तिच्यात आणणे सोपे होणार होते. फोर्ट्रानची ही सवय यंत्राच्या रचनेशी जुळणारी होती. १९५७ मध्ये ती भाषा ज्या आयबीएम ७०४ यंत्रासाठी प्रथम तयार झाली, त्या यंत्रात संख्येचे चिन्ह आणि परिमाण वेगळे साठवले जात. अशा यंत्रावर आधी परिमाणांचा भागाकार करायचा आणि मग उत्तराला चिन्ह लावायचे हा सर्वांत सरळ मार्ग, आणि त्या मार्गाने जाणारा भागाकार आपोआप शून्याकडे छाटला जातो. आजच्या यंत्रांत ऋण संख्या वेगळ्या रीतीने साठवल्या जात असल्या तरी त्यांच्या भागाकाराच्या सूचना शून्याकडेच छाटतात, त्यामुळे १९९९ च्या निर्णयाने बहुतेक कंपायलरांना काही बदलावे लागले नाही. निर्णय योग्य होता का, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो, आणि त्याचे उत्तर भागाकाराकडून काय काम करून घ्यायचे आहे यावर अवलंबून आहे.

छाटण्याच्या बाजूने सांगण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे सममिती. भाज्याचे चिन्ह बदलले की भागाकाराचे चिन्ह बदलते आणि परिमाण तसेच राहते. म्हणजे `(-a) / b` आणि `-(a / b)` यांची उत्तरे एक येतात. अंतर, शिल्लक, तापमानातला फरक अशा राशींसाठी, जिथे ऋण चिन्ह केवळ उलटी बाजू दाखवते, ही सममिती सोयीची आहे. पण सी भाषेत `/` आणि `%` यांचा उपयोग बहुधा दुसऱ्याच कामासाठी होतो: एका लांब रांगेचे सारख्या लांबीचे खण पाडायचे, आणि दिलेली संख्या कितव्या खणात आणि त्या खणातल्या कितव्या जागी पडते हे काढायचे. आठवड्याचे वार, दिवसाचे सेकंद, नकाशावरचे चौकोन, गोल फिरणाऱ्या बफरमधल्या जागा हे सगळे याच प्रकारात मोडते. या कामासाठी छाटणे गैरसोयीचे ठरते, कारण शून्याच्या दोन्ही बाजूंचे खण एकमेकांत मिसळतात. ७ ने भागताना ० ते ६ या सात संख्यांचा भागाकार शून्य येतो, पण -६ ते -१ या सहा संख्यांचाही शून्यच येतो. म्हणून बाकी सर्व खणांत सात संख्या असताना शून्याच्या खणात तेरा संख्या गोळा होतात.

याचा परिणाम वेळेच्या हिशेबात चटकन दिसतो. युनिक्स पद्धतीत १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, अर्थात ग्रिनिचच्या घड्याळानुसार, सेकंद मोजले जातात आणि त्याआधीचे सेकंद ऋण असतात, त्यामुळे ३१ डिसेंबर १९६९ चा शेवटचा सेकंद म्हणजे -१. दिवसाचे ८६४०० सेकंद असल्याने दिवसाचा क्रमांक काढण्यासाठी सेकंदांना ८६४०० ने भागणे स्वाभाविक वाटते. पण सी भाषेत `-1 / 86400` याचे उत्तर शून्य आहे आणि शून्य हा १ जानेवारी १९७० चा क्रमांक आहे. `-1 % 86400` चे उत्तर -१ येते आणि दिवसात -१ वा सेकंद कधीच नसतो. खाली उतरणाऱ्या भागाकाराने हेच -१ आणि ८६३९९ असे आले असते, म्हणजे आदल्या दिवसाचा शेवटचा सेकंद, आणि तेच अपेक्षित होते. छाटलेल्या उत्तरांतही मूळ सूत्र पाळले जाते, ही गोष्ट येथे मुद्दाम ध्यानात घ्यावी लागते, कारण भागाकार आणि बाकी यांचा पडताळा सूत्राने घेणाऱ्याला त्यांत काहीच चुकीचे आढळणार नाही.

हा दोष प्रत्यक्ष प्रोग्रॅममध्ये कसा दडून राहतो हे वार काढण्याच्या उदाहरणातून चांगले कळते. १ जानेवारी १९७० हा गुरुवार होता. रविवारला शून्य धरून वारांना क्रमांक दिले तर गुरुवारचा क्रमांक ४ येतो, म्हणून त्या तारखेपासून मोजलेल्या दिवसांत ४ मिळवून ७ ने भागल्यावर राहणारी बाकी म्हणजे वाराचा क्रमांक.

```c
static const char *vaar[7] = {
    "रविवार", "सोमवार", "मंगळवार", "बुधवार",
    "गुरुवार", "शुक्रवार", "शनिवार"
};

const char *vaar_kadha(int din)
{
    return vaar[(din + 4) % 7];
}
```

१९७० नंतरच्या कोणत्याही तारखेला हे फंक्शन बरोबर वार देते. आता एखाद्याने सावधपणे जुनी तारीखही तपासायची ठरवली आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचा दिवस, १ मे १९६०, निवडला असे मानू. १ जानेवारी १९६० पासून १ जानेवारी १९७० पर्यंत दहा वर्षांत तीन लीप वर्षे येतात, म्हणून ३६५३ दिवस. त्यांतून १९६० चे जानेवारी ते एप्रिल असे १२१ दिवस वजा केले की ३५३२ उरतात, आणि ही तारीख आधीची असल्याने `din` ची किंमत -३५३२ होते. तिच्यात ४ मिळवले की -३५२८. ही संख्या ७ ने नि:शेष भागली जाते, बाकी शून्य येते आणि फंक्शन ‘रविवार’ सांगते. १ मे १९६० हा खरोखरच रविवार होता. चाचणी उत्तीर्ण झाली, ऋण दिवसही चालतात अशी खात्री पटली, आणि कोड पुढे गेला.

त्याच फंक्शनला १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख दिली की चित्र बदलते. त्या दिवसापासून १९४७ सालाच्या अखेरीपर्यंत १३९ दिवस, आणि १९४८ ते १९६९ या बावीस वर्षांचे, त्यांतल्या सहा लीप वर्षांसह, ८०३६ दिवस, एकूण ८१७५. म्हणजे `din` -८१७५ आणि ४ मिळवल्यावर -८१७१. सातची ११६७ पट ८१६९ होते, म्हणून सी भाषेतली बाकी -२ येते आणि प्रोग्रॅम `vaar[-2]` वाचू पाहतो. अपेक्षित बाकी ५ होती, म्हणजे शुक्रवार. ॲरेच्या बाहेरची जागा वाचणे हे सी भाषेच्या परिभाषेत अव्याख्यात वर्तन आहे, अर्थात अशा वेळी काय घडावे याबद्दल मानक कसलीच हमी देत नाही. व्यवहारात मात्र बहुधा ॲरेच्या आधीच्या मेमरीत जे काही पडलेले असेल ते पत्ता म्हणून वाचले जाते, आणि मग प्रोग्रॅम कोसळतो किंवा भलताच मजकूर छापतो. पहिली चाचणी केवळ तो दिवस रविवार होता म्हणून पार पडली होती. नि:शेष भागाकारात छाटणे आणि खाली उतरणे यांचे उत्तर एकच असते, म्हणून हे फंक्शन १९७० पूर्वीच्या सर्व रविवारी बरोबर आणि इतर सर्व वारी चूक ठरते, अपवाद फक्त २९, ३० आणि ३१ डिसेंबर १९६९ या तीन दिवसांचा, जिथे मिळवलेले ४ बेरीज धन ठेवतात. अशा फंक्शनची चाचणी घ्यायची तर शून्याच्या खाली लागोपाठच्या सातही दिवसांवर घ्यावी लागते. एखादी सुटी जुनी तारीख, ती कितीही ओळखीची असली तरी, पुरेशी नाही. जीसीसी आणि क्लँग या कंपायलरांना `-fsanitize=undefined` हा पर्याय दिला तर चालत्या प्रोग्रॅममध्ये ॲरेची मर्यादा ओलांडताच तसा इशारा मिळतो, पण तो इशाराही चुकीची तारीख प्रत्यक्ष आत आली तरच मिळणार.

दुरुस्ती अवघड नाही. भाजक धन आहे हे माहीत असेल तर बाकी ऋण आल्यावर तिच्यात भाजक मिळवला की काम होते: -२ मध्ये ७ मिळवले की ५. पुष्कळ ठिकाणी हे `((a % n) + n) % n` अशा एका ओळीत लिहिलेले आढळते; ते बरोबर आहे, पण त्यात भागाकाराची सूचना दोनदा येते, आणि `n` ही संख्या `int` च्या मर्यादेच्या निम्म्याहून मोठी असेल तर मधली बेरीज त्या मर्यादेबाहेर जाऊ शकते. भाजकाचेही चिन्ह आधी माहीत नसेल तर खाली उतरणारी बाकी अशी काढता येते:

```c
int khalchi_baki(int a, int b)
{
    int r = a % b;
    if (r != 0 && (r < 0) != (b < 0))
        r += b;
    return r;
}
```

येथे बाकीचे चिन्ह भाजकाच्या चिन्हाशी जुळत नसेल तेव्हाच दुरुस्ती होते, आणि शून्य बाकीला हात लावला जात नाही. `r != 0` ही अट विसरली तर भाजक ऋण असताना नि:शेष भागाकाराची बाकी शून्याऐवजी भाजकाएवढी येते. तारखांच्या हिशेबासाठी हॉवर्ड हिनंट यांनी प्रसिद्ध केलेल्या सूत्रांत तिसरी वाट दिसते. त्यांत `z` हे दिवस -४ किंवा त्याहून मोठे असतील तर `(z + 4) % 7`, आणि त्याहून लहान असतील तर `(z + 5) % 7 + 6` असे घेतले जाते. दुसऱ्या सूत्रात बाकी -६ ते ० यांच्या दरम्यान राहते आणि ६ मिळवल्यावर ती ० ते ६ मध्ये येते. १५ ऑगस्ट १९४७ साठी -८१७० ची बाकी -१ आणि उत्तर ५, म्हणजे शुक्रवारच. छाटणाऱ्या भागाकाराशी झगडण्यापेक्षा त्याच्या स्वभावाचाच उपयोग करून घेणारी ही रचना या सर्वांत देखणी आहे.

आणखी एक मार्ग जुना आहे: गणनेचा आरंभच इतका मागे न्यायचा की ऋण दिवस उद्भवूच नयेत. भारतीय ज्योतिषगणितातला अहर्गण, म्हणजे एका ठरावीक दिवसापासून मोजलेली दिवसांची संख्या, कलियुगाच्या आरंभापासून धरला जाई तेव्हा त्याला ७ ने भागून राहिलेल्या बाकीने शुक्रवारपासून वार मोजत, आणि ग्रंथकारांना लागणाऱ्या साऱ्या तारखा त्या आरंभाच्या अलीकडच्या असल्याने बाकीच्या चिन्हाचा प्रश्नच येत नसे. सी भाषेतही भाज्यात भाजकाच्या पटीतली एक मोठी संख्या आधीच मिळवून ठेवण्याची पद्धत हेच साधते, मात्र त्या संख्येपलीकडची एखादी तारीख कधीच येणार नाही याची खात्री लेखकाला द्यावी लागते.

यापेक्षा अधिक फसवा प्रकार तेव्हा घडतो, जेव्हा ७ हा आकडा थेट न लिहिता ॲरेची लांबी मोजून घेतली जाते, आणि एरवी ही सवय चांगलीच समजली जाते.

```c
return vaar[(din + 4) % (sizeof vaar / sizeof vaar[0])];
```

`sizeof` चे उत्तर `size_t` या चिन्हरहित प्रकाराचे असते, म्हणजे त्यात ऋण संख्या मावतच नाहीत. सी भाषेचा नियम असा आहे की एक बाजू `int` आणि दुसरी `size_t` असेल तर भागाकारापूर्वी `int` चे रूपांतर `size_t` मध्ये होते, आणि ऋण संख्येच्या बाबतीत या रूपांतराचा अर्थ, ३२ बिटांच्या यंत्रावर २ चा ३२ वा घात आणि ६४ बिटांच्या यंत्रावर २ चा ६४ वा घात तिच्यात मिळवणे, असा होतो. -८१७१ ची जागा ३२ बिटांच्या यंत्रावर ४२९४९५९१२५ ही संख्या घेते. २ च्या ३२ व्या घाताला ७ ने भागले की बाकी ४ राहते आणि -८१७१ ची खरी बाकी ५ आहे; दोन्ही मिळून ९, म्हणून उत्तर २, मंगळवार. २ च्या ६४ व्या घाताची बाकी २ आहे, म्हणून ६४ बिटांच्या यंत्रावर २ आणि ५ मिळून ७, अर्थात शून्य, रविवार. स्वातंत्र्यदिन एका यंत्रावर मंगळवारी आणि दुसऱ्यावर रविवारी येतो, आणि खरा शुक्रवार कोठेच मिळत नाही. मागच्या उदाहरणात निदान प्रोग्रॅम कोसळण्याची शक्यता होती. येथे बाकी नेहमी ० ते ६ मध्येच राहते, ॲरेची मर्यादा ओलांडली जात नाही, आणि मर्यादा तपासणाऱ्या साधनाला आक्षेप घ्यायला जागा उरत नाही. महाराष्ट्र दिनाची चाचणीसुद्धा आता ढळते, कारण -३५२८ ची शून्य बाकी ३२ बिटांवर ४ आणि ६४ बिटांवर २ होते. अशा रूपांतराचा इशारा `-Wsign-conversion` हा पर्याय देतो, पण `-Wall` मध्ये त्याचा समावेश नाही, म्हणून तो वेगळा मागावा लागतो. भाजक २ चा घात असेल, उदाहरणार्थ ८, तर मिळवलेला मोठा घात त्या भाजकाने नि:शेष भागला जातो आणि उत्तर योगायोगाने बरोबर येते. बफरची लांबी ८ असताना चाललेला कोड लांबी ७ केल्यावर बिघडतो तो यामुळे. उपाय म्हणजे लांबी `int` मध्ये घेऊन मग भागणे, आणि त्यानंतर वर दिलेली दुरुस्ती करणे.

२ च्या घातांविषयी आणखी एक गोष्ट येथेच सांगणे सोयीचे आहे. ८ ने भागण्याऐवजी संख्येचे बिट तीन जागा उजवीकडे सरकवावेत आणि बाकीसाठी `& 7` वापरावे, हा जुन्या प्रोग्रॅमरांचा आवडता किफायती उपाय. धन संख्यांना दोन्हींची उत्तरे सारखीच येतात. ऋण संख्या उजवीकडे सरकवल्यावर काय मिळावे हे सी मानकाने आजही कंपायलरवर सोपवलेले आहे, पण प्रचलित कंपायलर चिन्हाचा बिट कायम राखून सरकवतात आणि त्याचा परिणाम खाली उतरणाऱ्या भागाकाराचा असतो: `-7 / 2` चे उत्तर -३ आणि `-7 >> 1` चे -४. म्हणून कंपायलर स्वतः भागाकाराच्या जागी सरकवण्याची सूचना वापरतो तेव्हा, भाज्य ऋण असल्यास, आधी त्यात भाजकाहून एकाने कमी अशी संख्या मिळवतो, म्हणजे ८ साठी ७, आणि मगच सरकवतो. `int n` चा `n / 8` चिन्हरहित प्रकाराच्या `n / 8` पेक्षा दोनतीन सूचनांनी लांब होतो त्याचे कारण हीच भर. ज्या कोडमध्ये `/` काढून हाताने `>>` घातले जाते त्यात ही भर नसते, आणि वेग वाढवण्यासाठी केलेला हा बदल ऋण संख्यांसाठी उत्तरही बदलून जातो. खण पाडण्याच्या कामात ते बदललेले उत्तरच अधिक उपयोगी असू शकते, पण तसे असेल तर ते जाणूनबुजून निवडलेले असावे. विषम संख्या ओळखण्यासाठी लिहिलेले `n % 2 == 1` हेही याच जातीचे: -३ ची बाकी -१ येत असल्याने ऋण विषम संख्या त्यातून निसटतात, आणि `n % 2 != 0` असे लिहिले की अडचण संपते.

आतापर्यंतची सर्व उदाहरणे उत्तर कोणते यावर वाद असण्याची होती. एका जोडीला मात्र उत्तरच नाही. ३२ बिटांच्या `int` मध्ये सर्वांत लहान संख्या -२१४७४८३६४८ आणि सर्वांत मोठी २१४७४८३६४७ असते, ऋण बाजूला एक संख्या जास्त. त्यामुळे सर्वांत लहान संख्येला, जिला सी भाषेत `INT_MIN` हे नाव आहे, -१ ने भागले की येणारी २१४७४८३६४८ ही संख्या `int` मध्ये मावत नाही, आणि या भागाकाराचे वर्तन अव्याख्यात ठरते. बाकीचा विचार केला तर ती शून्यच असायला हवी, कारण -१ ने कोणतीही संख्या नि:शेष भागली जाते. पण एक्स८६ प्रोसेसरवर भागाकार आणि बाकी एकाच सूचनेतून निघतात आणि भागाकार मावला नाही की ती सूचना अपवाद उठवते, म्हणून लिनक्सवर `INT_MIN % -1` चालवणारा प्रोग्रॅम, कंपायलरने ती सूचना टाळली नसेल तर, `SIGFPE` या संकेताने बंद पडतो. ६४ बिटांच्या एआरएम प्रोसेसरवर तीच ओळ निमूटपणे शून्य देते. १९९९ च्या मानकाची शब्दरचना या बाकीविषयी पुरेशी स्पष्ट नव्हती. २०११ च्या मानकाने भागाकार मावत नसेल तर `/` आणि `%` या दोन्हींचे वर्तन अव्याख्यात, असे उघड लिहिले.

वर दिलेल्या `khalchi_baki` या फंक्शनला म्हणूनच दोन गोष्टी आधी तपासाव्या लागतात: भाजक शून्य नाही, आणि भाजक -१ असेल तर भागाकार न करता थेट शून्य परत करायचे. भाजक ७ किंवा ८६४०० असा कोडमध्येच लिहिलेला असेल तेथे यांपैकी कशाचीच गरज नाही. तो फाइलमधून, नेटवर्कवरून किंवा वापरणाऱ्याने भरलेल्या रकान्यातून येत असेल तेथे मात्र शून्याची तपासणी बहुतेकजण लिहितात आणि -१ ची राहून जाते, आणि बाहेरून आलेल्या अवघ्या दोन आकड्यांनी चालू सेवा बंद पाडता येते.